मेल कळतो, कॉल निसटतो: ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ उलटे का ऐकू येतात?

तक्रार जवळपास ठरलेली असते. इंग्रजी मेल वाचून कळतो, लिहिताही येतो, दिल्ली-चेन्नईच्या सहकाऱ्यांशी इंग्रजीत बोलताना काही अडत नाही; पण अमेरिकेतला क्लायंट कॉलवर आला आणि सुटला, की वाक्यातले दोन-तीन शब्द तेवढे हाती लागतात. मधलं सगळं नुसतं गडगडत जातं. मग माणूस दोन निष्कर्ष काढतो. एक, ते फार फास्ट बोलतात. दोन, आपली व्होकॅब कच्ची आहे. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात, त्यामुळे त्यावर केलेले उपायही फुकट जातात. शब्दांच्या याद्या पाठ होतात आणि कॉल होता तसाच निसटत राहतो.

इथे मी अमेरिकी बोलण्यापुरतंच लिहितोय, आणि त्यातही जास्त जागा ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ला देतोय. कारण बाकी शब्द निसटले तर अर्थ अर्धवट कळतो. हा निसटला तर नेमका उलटा कळतो.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

दोन माणसं गप्पा मारताहेत असा एखादा व्हिडिओ किंवा पॉडकास्ट घ्या. बातम्या नकोत, निवेदक लिहिलेलं वाचत असतो, त्यामुळे तो शब्द बरेच पूर्ण उच्चारतो आणि तपासणी फसते. कॅप्शन माणसाने लिहिलेली असावीत. यूट्यूबवर जिथे auto-generated असं दिसतं, ती इथे भरवशाची नाहीत. दहा-बारा सेकंदांचा तुकडा निवडा, कॅप्शन बंद करा, तीनदा ऐका आणि ऐकू येईल ते कागदावर उतरवा. कळलं नाही तिथे रिकामी जागा सोडा. अंदाजाने भरू नका. मग कॅप्शन उघडून ताडून पाहा.

रिकाम्या जागांमध्ये माणसांची नावं, धंद्यातले शब्द, कधी न ऐकलेले वाक्प्रचार निघाले, तर प्रश्न खरंच शब्दसंग्रहाचा आहे आणि हा लेख तुमच्यासाठी नाही. ‘फ’ आणि ‘स’ यांचीच अदलाबदल होत असेल आणि तीही फक्त फोनवर, तर दोष लाइनचा आहे. जुन्या पद्धतीचा साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे नेतो, आणि ‘स’ची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो. पण रिकाम्या जागांत ‘टु’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘हिम’, ‘कॅन’, ‘अँड’ असे पहिली-दुसरीतले शब्द निघाले, तर तुमचं दुखणं सापडलं. शब्द तुम्हाला येतो. तो तुम्हाला माहीत असलेल्या रूपात तिथे उच्चारलाच गेलेला नसतो.

वेग कमी करून का भागत नाही

पहिला उपाय सगळे हाच करतात: Playback speed मध्ये जाऊन 0.75. करून बघा, माणूस जरा पेंगुळल्यासारखा बोलतो, पण ‘गोइंग टु’चं बोलताना झालेलं ‘गना’ काही पुन्हा ‘गोइंग टु’ होत नाही. ‘गना’च सावकाश ऐकू येतं. आवाज ताणला तर असलेले ध्वनी लांबतात, गळलेले ध्वनी परत येत नाहीत. त्यामुळे ०.७५ चा उपयोग तुकडे मोजण्यापुरता आहे, कान तयार करायला नाही. सवय त्या वेगाची लागली तर मूळ वेग आणखीच अंगावर येतो, हे वेगळंच.

(एक लिपीची अडचण आधीच सांगून टाकतो. ‘गना’मधला शेवटचा स्वर खरं तर अगदी आखूड ‘अ’ आहे. पण ‘गन’ असं लिहिलं तर आपण सवयीने शेवटचा ‘अ’ गिळून ‘गन्’ वाचतो. म्हणून इथे जिथे असा शेवटी ‘आ’ दिसेल, तिथे तो निम्म्याहून निम्मा म्हणा.)

कान नेमका कशाची वाट पाहत बसतो

इंग्रजी वाक्यात सगळ्या शब्दांना सारखं वजन नसतं. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण, प्रश्नवाचक शब्द आणि नकार यांच्यावर आवाज टेकतो. ‘टु’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘अँड’, ‘कॅन’, ‘हॅव’, ‘वॉज’, ‘हिम’, ‘देम’ असे चाळीसेक छोटे शब्द मात्र दोन उच्चार बाळगून असतात. एक पूर्ण, जो आपल्याला शाळेत शिकवला, आणि एक दुबळा, जो बोलताना बहुतेक वेळ वापरला जातो. दुबळ्या रूपात स्वराचा ‘अ’ होतो किंवा तो गळतोच. ‘फॉर’चं ‘फर’, ‘ऑफ’चं ‘अव’ आणि घाईत नुसतं ‘अ’, ‘अँड’चं ‘न’, ‘हिम’चा ‘ह’ जाऊन ‘इम’. हा गबाळेपणा नाही. प्राध्यापक, डॉक्टर, न्यायाधीश सगळे असंच बोलतात.

आपण मराठीतही शब्द गिळतो, आणि भरपूर गिळतो. ‘काय करतो आहेस’ असं कोण म्हणतं? ‘काय करतोयस’. ‘आला आहे’चं ‘आलाय’, ‘जायचं आहे’चं ‘जायचंय’. पुस्तकातून मराठी शिकलेला परदेशी माणूस ‘आलाय’मध्ये ‘आहे’ शोधत बसतो, तसे आपण ‘गना’मध्ये ‘गोइंग’ शोधत बसतो. फरक एवढाच की आपल्या जोडरूपांना कागदावरही जागा मिळाली आहे. इंग्रजीत ‘गना’, ‘वॉना’, ‘गॉटा’ अशी मूठभर रूपं सोडली तर बाकीचं गिळणं कधी लिहून दाखवतच नाहीत.

खरी अडचण दुसरीच आहे. मराठीत जोर द्यायचा तर आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मीच त्याला फाइल पाठवली’, ‘मी त्यालाच फाइल पाठवली’, ‘मी त्याला फाइल पाठवलीच’. इंग्रजीत ‘च’ नाही. ते काम आवाजाचं वजन करतं, आणि ते वजन उठून दिसावं म्हणून बाकीचे शब्द चपटे केले जातात. ‘आय सेंटिम द फाइल’ हे साधं वाक्य झालं. त्यात ‘हिम’ असा ‘ह’सकट, ठसठशीत ऐकू आला, तर त्याचा अर्थ ‘त्यालाच’. म्हणजे छोटा शब्द पूर्ण रूपात आला की तो मुद्दाम आलेला असतो. आपण मात्र ‘हिम’ पूर्ण आला तर ‘बरं झालं, स्पष्ट बोलला’ म्हणतो आणि त्यातला ‘च’ सोडून देतो.

जाता जाता: जोराचे शब्द ठरावीक समान अंतराने येतात, म्हणून टाळ्या किंवा मेट्रोनोम लावून सराव करा, असं सांगणारे बरेच भेटतात. वजनाच्या लयीने चालणाऱ्या आणि अक्षरांच्या लयीने चालणाऱ्या भाषा अशी विभागणी अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये मांडली. पुढे मोजमापं झाली तेव्हा खऱ्या बोलण्यात अंतरं अशी समान निघाली नाहीत. वजनाकडे कान द्या, घड्याळाकडे नको.

‘कॅन’ ऐकू आला म्हणजे ‘नाही’

आपल्या शाळांत ‘कान्ट’ शिकवतात, लांब ‘आ’ घालून. ते ब्रिटिश वळण. त्यात ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चे स्वरच वेगळे असल्यामुळे घोटाळा होत नाही. अमेरिकेत मात्र ‘कान्ट’ नसून ‘कॅन्ट’ आहे, आणि वरून त्यातला शेवटचा ‘ट’ बहुधा फुटत नाही. जीभ ‘ट’च्या जागेवर जाते, हवा अडते आणि तिथेच संपतं. आपल्याला ऐकू येतं ‘कॅन’. आणि खरा ‘कॅन’? तो वाक्याच्या मध्ये ‘कॅन’ राहतच नाही. त्याचं ‘क्न’ होतं.

आता दोन वाक्यं शेजारी ठेवा:

‘वी क्न शिप इट फ्रायडे.’ शुक्रवारी पाठवू शकतो.

‘वी कॅन्’ शिप इट फ्रायडे.’ शुक्रवारी पाठवू शकत नाही.

पुण्यातला माणूस दुसऱ्या वाक्यात ‘कॅन’ स्वच्छ ऐकतो आणि ‘होकार’ लिहून घेतो. पहिल्या वाक्यात त्याला काहीच सापडत नाही, म्हणून तो विचारात पडतो. ‘ट’ची वाट पाहणं सोडा, तो येणार नाही. स्वर आणि वजन पकडा. पहिल्या वाक्यात ‘शिप’च्या आधी आवाज सपाट आहे, वजन थेट ‘शिप’वर पडतं. दुसऱ्यात आधी ‘कॅन्’वर एक टेकू, मग ‘शिप’वर दुसरा. नोंदवहीत लिहून ठेवण्याजोगा नियम असा: पुढे क्रियापद असताना मधला ‘कॅन’ स्पष्ट ऐकू आला, तर तो नकार समजा, जवळपास ऐकूच आला नाही, तर होकार.

नियम दोन ठिकाणी फसतो. वाक्याच्या शेवटी ‘कॅन’ कधीच दुबळा होत नाही, कारण त्याच्यापुढे क्रियापद उरलेलं नसतं. ‘येस, वी कॅन.’ ‘ॲज सून ॲज वी कॅन.’ तिथे ‘न’कडे लक्ष द्या. होकाराचा ‘न’ घुमत राहतो, शब्द लांबतो. नकारात ‘ट’ न फुटताही आपलं काम करून जातो. त्याच्या आधीचा स्वर आखूड होतो आणि आवाज कापल्यासारखा तुटतो. दुसरं ठिकाण आग्रहाचं. कुणी ‘शुक्रवारी जमणार नाही ना?’ असं म्हटलं आणि उत्तर आलं ‘नो नो, वी कॅन शिप इट’, तर हा ‘शकतोच’ आहे. इथे ‘कॅन’वर आवाज चढतो आणि पुढचं ‘शिप इट’ घसरत खाली जातं, वेगळा टेकू घेत नाही. नकारात ‘शिप’लाही वजन असतं. शिवाय आग्रहाच्या ‘कॅन’आधी कुणाची तरी शंका आलेली असते.

हा घोळ उलट्या दिशेनेही होतो, आणि तो जास्त महागात जातो, कारण तो आपल्याला दिसत नाही. आपण ‘आय कॅन डू इट बाय मंडे’ म्हणतो, ‘कॅन’ पूर्ण आणि ठणठणीत. पलीकडच्या अमेरिकी कानाला तो ‘कॅन्ट’ वाटू शकतो, आणि सोमवारचं काम तो दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा होतो. होकार द्यायचा तेव्हा ‘आय क्न डू इट’ म्हणा, सगळं वजन ‘डू’वर. ते जिभेवर बसेपर्यंत ‘आय विल डू इट’ म्हटलं तरी चालतं. नकार द्यायचा तेव्हा ‘कॅनॉट’ असं पूर्ण म्हणा. थोडं पुस्तकी वाटतं, पण गैरसमजाला जागा राहत नाही.

एक वाक्य उलगडून

कागदावर: ‘व्हॉट आर यू गोइंग टु टेल हिम इफ ही आस्क्स फॉर इट?’ शब्द बारा. कानावर येतं ते साधारण असं: ‘वरय गना टेलिम इफी ॲस्क्स फरिट?’ ठळक वजन दोनच ठिकाणी, ‘टेल’ आणि ‘ॲस्क्स’.

‘वरय’ पाहून दचकू नका. अमेरिकी बोलण्यात दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘ट’, पुढच्या स्वरावर जोर नसेल तर, जिभेच्या एका टिचकीसारखा होतो. आपल्या कानाला तो ‘र’ किंवा ‘ड’ वाटतो. ‘गेट इट’चं ‘गेडिट’ होतं तेच इथे झालंय. गंमत म्हणजे ‘व्हॉट डू यू’ सुद्धा आकसून असाच ‘वरय’ होतो. म्हणजे कानाने दोन्हींत फरक करता येणारच नाही, पुढच्या शब्दावरून करायचा. ‘वरय वॉन्ट’ म्हणजे ‘डू’, ‘वरय डूइंग’ म्हणजे ‘आर’. आपल्या वाक्यात पुढे ‘गना’ आहे, म्हणजे ‘आर’.

‘गना’ हा तर वाटाड्या आहे. तो फक्त क्रियापदाच्या आधी येतो. ‘आय्म गोइंग टु शिकागो’ हे कितीही घाईत म्हटलं तरी ‘गना शिकागो’ होत नाही, कारण तिथे खरंच जाणं आहे. त्यामुळे ‘गना’ ऐकताच समजायचं की पुढचा जोरदार शब्द क्रियापद आहे आणि गोष्ट भविष्यातली आहे. ‘आय्म गना’ आणखी आकसून ‘आय्मना’ होतो, काम तेच. (आपण बोलताना ‘गॉन्ना’ असं घट्ट म्हणून पुढे ‘गो’ वगैरे ठासून लावतो, ते कानाला विचित्र लागतं. त्यापेक्षा सरळ ‘गोइंग टु’ म्हणावं, कुणी हसत नाही. मेलमध्ये तर ‘गोइंग टु’च लिहावं.)

‘टेलिम’मध्ये ‘हिम’, ‘इफी’मध्ये ‘ही’, ‘फरिट’मध्ये ‘फॉर इट’. ‘टेल देम’ असतं तर ‘टेलम’ झालं असतं, आणि ‘टेलिम’शी त्याची गल्लत तिथले लोकही करतात. कोणाबद्दल बोलणं चाललंय, त्यावरून ठरवायचं.

या वाक्यातून पुढे न्यायची गोष्ट म्हणजे, गळलेला शब्द शेजाऱ्याच्या रूपात खूण ठेवून जातो. ‘आय शुडा टोल्ड यू’ यात ‘हॅव’चा नुसता ‘आ’ उरला आहे, पण ‘टोल्ड’ तर स्पष्ट ऐकू येतो ना? ‘शुड’नंतर ‘टेल’ न येता ‘टोल्ड’ आला, म्हणजे मध्ये ‘हॅव’ होता आणि सांगायचं राहून गेलेलं आहे. ‘हीड गो’ असेल तर ‘वुड’, ‘हीड गॉन’ असेल तर ‘हॅड’. शाळेत घोटून घेतलेलं व्याकरण इथे उपयोगी पडतं. अमेरिकी कानही हेच करतो, फक्त त्याला ते कळत नाही.

सराव कसा करायचा

तुकडा लहान घ्या, तीन-चार सेकंदांचा, आणि फिरवत ठेवा. व्हीएलसीमध्ये View मधून Advanced Controls चालू केलं की A आणि B अशी दोन टोकं लावून तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाजवता येतो. वेग मूळचाच.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांत शब्द लिहूच नका. आवाज कुठे टेकतो तेवढ्या उभ्या रेघा मारा. मग त्या रेघांवरचे शब्द लिहा. वरच्या वाक्यात तुमच्याकडे ‘टेल’ आणि ‘ॲस्क्स’ जमा होईल. आता न ऐकता, डोक्याने विचार करा की या दोहोंच्या मध्ये इंग्रजीत काय बसू शकतं. मग पुन्हा ऐका आणि तो अंदाज आवाजात बसतो का बघा. कॅप्शन सगळ्यात शेवटी. शाळेच्या सवयीने आपण डावीकडून एकेक शब्द पकडत जातो, एक निसटला की तिथेच अडकतो आणि तोवर पुढचे चार निघून जातात. ती सवय मोडायला हा उलटा क्रम लागतो.

कॅप्शन जुळल्यावर तोच तुकडा बोलणाऱ्याच्या सोबत, त्याच वेगात म्हणा. इथे बरेच जण लाजतात. पण ‘टेलिम’ स्वतःच्या तोंडून निघाला की तो कानाला लवकर ओळखू येऊ लागतो. वेग जमत नसेल तर शेवटाकडून बांधत या: आधी ‘फरिट’, मग ‘ॲस्क्स फरिट’, मग ‘इफी ॲस्क्स फरिट’. शेवटाकडून आल्याने सूर बिघडत नाही.

एखादं रूप वेगवेगळ्या तोंडून ऐकायचं असेल तर यूग्लिश ही साइट चांगली आहे. शब्द टाकला की तो जिथे बोलला गेलाय ते यूट्यूबचे तुकडे मिळतात आणि अमेरिकी, ब्रिटिश असं निवडता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, शोध कॅप्शनमधल्या अक्षरांवर चालतो. बोलणारा ‘गना’ म्हणाला तरी लिहिणारा बहुधा going to लिहितो. म्हणून शोधताना going to टाका, ‘गना’ ढिगाने मिळतील.

आणि उद्याच कॉल असेल तर

कान तयार व्हायला वेळ लागतो, कॉल थांबत नाही. ‘सॉरी, कम अगेन?’ म्हटलं की समोरचा तेच वाक्य तसंच, फार तर जरा मोठ्याने म्हणतो. ‘कॅन्’ पुन्हा ‘कॅन्’च राहतो. नकारार्थी प्रश्न तर विचारूच नका. ‘सो यू कॅनॉट शिप ऑन फ्रायडे?’ याला ते ‘नो’ म्हणतील, अर्थ ‘नाही, पाठवू शकत नाही’. आपण मात्र मराठीत अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणून दुजोरा देतो, ‘नाही’ म्हणून खोडतो. त्यामुळे त्यांचा ‘नो’ आपण ‘नाही हो, पाठवू की’ असा घेऊन बसतो. त्यापेक्षा ज्याचं उत्तर ‘येस-नो’मध्ये येणारच नाही असं विचारा: ‘विच डे विल इट शिप?’ उत्तरात वार येतो, आणि वारावर नेहमी वजन असतं.

आकड्यांचंही तेच. तेरा आणि तीस यांत ‘थर्टीन’चा ‘ट’ टणक राहतो, ‘थर्टी’चा टिचकी होऊन ‘थर्डी’ होतो, ‘फॉर्टी’चा ‘फॉर्डी’. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी असतो असं शिकवतात, पण पुढे ‘युनिट्स’सारखा शब्द आला की तो जोर पहिल्या अक्षरावर सरकतो. म्हणून जोरावर विसंबू नका, ‘ट’ ऐका. पंधरा-पन्नासमध्ये ‘ट’च्या आधी ‘फ’ असल्यामुळे ही टिचकीही मिळत नाही. तिथे कानाची परीक्षा न घेता सरळ विचारा: ‘वन फाइव्ह, ऑर फाइव्ह झीरो?’